मिनिटात शंभर सेकंद नसतात!

८ ऑक्टोबर २०२३ या दिवशी अमेरिकेतील शिकागो शहरात मॅरेथॉन शर्यत झाली. केनियाच्या केल्विन किप्टम या धावपटूने ती २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत जिंकली. ४२.१९५ कि.मी. अंतर तोपर्यंत कोणत्याही अधिकृत शर्यतीत इतक्या कमी वेळात कोणी कापले नव्हते. त्यानंतर चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एका मोटार अपघातात त्याचा अंत झाला. त्याच्या त्या शर्यतीची टप्प्याटप्प्याची नोंद मात्र उपलब्ध आहे, आणि वजाबाकी शिकण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

वजाबाकी तर तुम्ही तिसरी-चौथीत शिकलात, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण तास, मिनिटे आणि सेकंद यांची वजाबाकी करताना भलेभले चुकतात. शिवाय ही चूक अशी लबाड असते की उत्तर पुष्कळदा अगदी बरोबर असल्यासारखे दिसते. या एका चुकीमुळे किप्टमच्या शर्यतीची कहाणीच कशी उलटी होते, ते आपण पाहू.

नोंद कशी होते?

मोठ्या शर्यतींत रस्त्यावर ठराविक अंतरांवर वेळ नोंदणाऱ्या चटया अंथरलेल्या असतात. धावपटूच्या अंगावरील क्रमांकाच्या कागदावर किंवा बुटावर एक छोटी चिप असते. तिला घेऊन तो चटईवरून गेला की त्या क्षणाची वेळ नोंदली जाते. ही वेळ शर्यत सुरू झाल्यापासूनची, म्हणजे एकूण गेलेली वेळ असते. एखाद्या टप्प्याला किती वेळ लागला हे चटई सांगत नाही. ते आपण लागोपाठच्या दोन नोंदींची वजाबाकी करून काढायचे असते. या फरकाला खेळाडू 'स्प्लिट' म्हणतात. आपण त्याला 'टप्प्याची वेळ' म्हणू.

किप्टमच्या काही नोंदी अशा होत्या :

अर्धे अंतर (२१.०९७५ कि.मी.) — १:००:४८
३० कि.मी. — १:२६:३१
३५ कि.मी. — १:४०:२२
४० कि.मी. — १:५४:२३
अखेर (४२.१९५ कि.मी.) — २:००:३५

पहिला अंक तासांचा, दुसरा मिनिटांचा आणि तिसरा सेकंदांचा आहे. आता प्रश्न असा की, ३० ते ३५ कि.मी. हा टप्पा त्याने किती वेळात कापला? कागद-पेन्सिल घ्या आणि पुढे वाचण्यापूर्वी स्वतः उत्तर काढा.

चूक होते ती अशी

घाईत असलेला विद्यार्थी काय करतो? तो मधली टिंबे विसरतो आणि १४०२२ मधून १२६३१ वजा करतो. कुणी कॅल्क्युलेटरवर १.४०२२ वजा १.२६३१ असे करतो. उत्तर येते १३९१, म्हणजे १३ मिनिटे ९१ सेकंद. येथे त्याला थोडी शंका येते, कारण ९१ सेकंद कोणी म्हणत नाही. मग तो विचार करतो, '९१ सेकंद म्हणजे १ मिनिट ३१ सेकंद. तेव्हा उत्तर १४ मिनिटे ३१ सेकंद.' उत्तर सुबक दिसते आणि त्याचे समाधान होते.

पण हे उत्तर चूक आहे. खरे उत्तर १३ मिनिटे ५१ सेकंद असे आहे. ४० सेकंदांचा फरक! हे ४० सेकंद कुठून आले?

वजाबाकीत वरचा अंक लहान असला की आपण शेजारच्या डावीकडच्या घरातून एक हातचा घेतो. नेहमीच्या संख्यांत प्रत्येक घराची किंमत उजवीकडच्या घराच्या दहापट असते. सेकंदांसाठी आपण दोन घरे ठेवली आहेत, म्हणून मिनिटांच्या घरातून घेतलेला एक हातचा सेकंदांच्या घरांत १०० होऊन येतो. पण मिनिट मोडले तर त्याचे सेकंद मिळतात फक्त ६०. म्हणजे आपण ६० ची मोड घेण्याऐवजी १०० ची घेतली. चाळीस सेकंद फुकटात आले, आणि ते उत्तरात जाऊन बसले.

ही अडचण आपल्या आजी-आजोबांना नवी नव्हती. १ एप्रिल १९५७ पूर्वी आपल्याकडे रुपया १६ आण्यांचा आणि आणा १२ पैचा होता. तेव्हाची मुले रुपये-आणे-पैची वजाबाकी करताना रुपया मोडून १६ आणे घेत, १०० नव्हे. पंचांगातील घटिका-पळांचेही तसेच. एका घटिकेत ६० पळे. दशमान नाण्यांमुळे पैशांचा हिशेब सोपा झाला, परंतु घड्याळ मात्र साठाचेच राहिले.

बरोबर रीत

आता तीच वजाबाकी नीट करू. तास, मिनिटे आणि सेकंद यांचे तीन स्वतंत्र रकाने आखा.

१ तास ४० मिनिटे २२ सेकंद
वजा १ तास २६ मिनिटे ३१ सेकंद

सुरुवात सेकंदांपासून करू. २२ मधून ३१ जात नाहीत. म्हणून ४० मिनिटांपैकी एक मिनिट मोडा. मिनिटे राहिली ३९ आणि सेकंद झाले २२ अधिक ६०, म्हणजे ८२. वरची ओळ आता '१ तास ३९ मिनिटे ८२ सेकंद' अशी झाली. वेळ तीच आहे, केवळ तिची मांडणी बदलली. आता ८२ मधून ३१ गेले, ५१ उरले. ३९ मधून २६ गेली, १३ उरली. तासाचे काही उरले नाही. उत्तर १३ मिनिटे ५१ सेकंद.

आता थोडे अवघड उदाहरण घेऊ. किप्टमने शर्यतीचा दुसरा अर्धा भाग किती वेळात कापला?

२ तास ० मिनिटे ३५ सेकंद
वजा १ तास ० मिनिटे ४८ सेकंद

३५ मधून ४८ जात नाहीत. शेजारी मिनिटे शून्य आहेत. तेथे उसने देण्यासारखे काहीच नाही. मग आणखी डावीकडे जा. दोन तासांपैकी एक तास मोडा. झाला १ तास ६० मिनिटे. त्या ६० मिनिटांपैकी एक मिनिट मोडा. झाली ५९ मिनिटे, आणि सेकंद ९५. वरची ओळ आता '१ तास ५९ मिनिटे ९५ सेकंद' अशी आहे. वजा करा : ९५ मधून ४८ गेले, ४७, ५९ मधून ० गेले, ५९, १ मधून १ गेला, ०. उत्तर ५९ मिनिटे ४७ सेकंद. पहिल्या अर्ध्याला १ तास ४८ सेकंद लागले होते, म्हणजे दुसरा अर्धा भाग तो १ मिनिट १ सेकंद लवकर धावला!

मध्ये शून्य आले की विद्यार्थी हमखास गोंधळतात. अशा वेळी वरची ओळ आधी पूर्णपणे मोडून लिहून घ्यावी आणि मगच वजाबाकीला हात घालावा.

ज्यांना मोडतोड नको असेल त्यांनी सगळ्याचे सेकंद करावेत. तासाला ३६०० ने आणि मिनिटांना ६० ने गुणावे. १:४०:२२ म्हणजे ३६०० + २४०० + २२ = ६०२२ सेकंद. १:२६:३१ म्हणजे ३६०० + १५६० + ३१ = ५१९१ सेकंद. वजाबाकी ८३१ सेकंद. ८३१ ला ६० ने भागले की भागाकार १३ आणि बाकी ५१. उत्तर तेच. वेग काढायचा असेल तेव्हा ही रीत विशेष सोयीची पडते, कारण सेकंद आधीच हाताशी असतात.

चाळिसाचा ठसा

आता चुकीच्या रीतीने आलेली उत्तरे पुन्हा तपासू. तिच्यात एक गंमत लपलेली आहे.

४० कि.मी.पासून अखेरपर्यंतचा टप्पा घ्या. २००३५ मधून १५४२३ वजा केले तर ४६१२, म्हणजे ४६ मिनिटे १२ सेकंद. खरे उत्तर ६ मिनिटे १२ सेकंद. येथे तास मोडला, म्हणून चूक बरोबर ४० मिनिटांची. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी २००३५ मधून १००४८ वजा केले तर ९९८७ येते, म्हणजे ९९ मिनिटे ८७ सेकंद. खरे उत्तर ५९ मिनिटे ४७ सेकंद. येथे दोनदा हातचा घेतला, म्हणून चूक ४० मिनिटे आणि ४० सेकंदांची.

आणि ३५ ते ४० कि.मी.? १५४२३ वजा १४०२२ म्हणजे १४०१, अर्थात १४ मिनिटे १ सेकंद. हे मात्र अगदी बरोबर! येथे हातचा घ्यावाच लागला नाही, म्हणून चूकही झाली नाही.

यावरून नियम सरळ निघतो. या रीतीत जितके हातचे, तितकी चाळिसाची भर. सेकंदांसाठी हातचा घेतला तर ४० सेकंद जास्त. मिनिटांसाठी घेतला तर ४० मिनिटे जास्त. एखाद्या यादीतील एखादी टप्प्याची वेळ इतरांपेक्षा सुमारे ४० सेकंदांनी फुगलेली दिसली, की हा ठसा ओळखावा आणि ती वजाबाकी पुन्हा करावी. ४० मिनिटांची चूक कोणाच्याही डोळ्यांत खुपते. ४० सेकंदांची मात्र खुपत नाही, म्हणून तीच अधिक धोक्याची. शिवाय ही चुकीची रीत कधीकधी बरोबर उत्तर देते, त्यामुळे करणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसतो.

कहाणी कशी उलटते?

आता या ४० सेकंदांनी काय घडते ते पाहा. पहिले अर्धे अंतर किप्टमने ३६४८ सेकंदांत कापले. त्याला २१.०९७५ ने भागले तर प्रत्येक किलोमीटरला सरासरी १७२.९ सेकंद लागले, असे दिसते. ३० ते ३५ कि.मी. या टप्प्यात ८३१ सेकंद भागिले ५, म्हणजे किलोमीटरला १६६.२ सेकंद. याचा अर्थ तीस किलोमीटर पळून झाल्यावर, जेव्हा इतरांचे पाय जड होऊ लागतात तेव्हा, त्याने वेग वाढवला. नोंदीतील टप्प्यांपैकी सर्वांत वेगवान टप्पा हाच. पुढच्या टप्प्यात तो किंचित मंदावला. ८४१ भागिले ५, म्हणजे १६८.२ सेकंद.

चुकीच्या उत्तराने काय दिसले असते? १४ मिनिटे ३१ सेकंद म्हणजे ८७१ सेकंद, आणि किलोमीटरला १७४.२ सेकंद. पहिल्या अर्ध्यापेक्षाही मंद! 'तीस किलोमीटरनंतर किप्टम थकला आणि पस्तीसनंतर पुन्हा सावरला,' असे कोणी लिहिले असते. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे. शर्यत जेथे जिंकली गेली तेच ठिकाण चुकीच्या वजाबाकीने दुबळे ठरवले असते.

येथे आणखी एका घसरणीच्या जागेकडे लक्ष द्या. बरोबर उत्तर काढूनही काही जण १३ मिनिटे ५१ सेकंद हे १३.५१ मिनिटे असे लिहितात आणि ५ ने भागतात. येते २.७०२, मग 'किलोमीटरला २ मिनिटे ७० सेकंद' असे काहीतरी अजब लिहिले जाते. ५१ सेकंद म्हणजे मिनिटाचा ५१/६०, म्हणजे ०.८५ भाग. म्हणून १३.८५ मिनिटे. भागिले ५ म्हणजे २.७७ मिनिटे, आणि ०.७७ ला ६० ने गुणले की ४६.२ सेकंद. किलोमीटरला २ मिनिटे ४६.२ सेकंद हे खरे उत्तर. दशांश चिन्ह आणि मिनिट-सेकंदांमधील टिंबे यांची गल्लत कधी होऊ देऊ नये.

ताळा कसा घ्यावा?

वजाबाकीचा ताळा बेरजेने घेतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सर्व टप्प्यांच्या वेळा मिळवल्या की अखेरची वेळ यायला हवी. करून पाहू : १:००:४८, २५:४३, १३:५१, १४:०१ आणि ६:१२. यांची बेरीज २:००:३५ येते. ताळा जमला. एखादी वजाबाकी चुकली असती तर बेरीज जुळली नसती. मात्र बेरीज करतानाही ६० सेकंदांचेच मिनिट करा, १०० चे नव्हे. नाहीतर एक चूक दुसरीला झाकून टाकील.

तोंडी ताळ्याची रीत दुकानदाराकडून शिकण्यासारखी आहे. तो सुटे पैसे परत देताना वजाबाकी करीत नाही, वर मोजत जातो. १:२६:३१ पासून १:२७:०० पर्यंत २९ सेकंद. तेथून १:४०:०० पर्यंत १३ मिनिटे. तेथून १:४०:२२ पर्यंत २२ सेकंद. २९ आणि २२ म्हणजे ५१. झाली १३ मिनिटे ५१ सेकंद. यात हातचा घ्यावाच लागत नाही, म्हणून चाळिसाची चूक शिरायला जागाच उरत नाही.

नोंदी घड्याळाच्या वेळेत असतील आणि मध्यरात्र मध्ये येत असेल, तरीही हीच युक्ती चालते. रात्री २३:४७:२० ला एक नाके ओलांडले आणि ०:२१:०५ ला पुढचे, तर नंतरच्या वेळेत २४ तास मिळवा. २४:२१:०५ वजा २३:४७:२० म्हणजे ३३ मिनिटे ४५ सेकंद.

ताळ्याची मर्यादा

बेरीज जमली म्हणजे सर्व काही बरोबर, असे मात्र समजू नका. बेरजेने वजाबाकीतील चूक पकडता येते. मूळ नोंद उतरवून घेताना झालेली चूक पकडता येत नाही.

समजा, ३५ कि.मी.ची नोंद कोणी १:४०:२२ ऐवजी १:४०:३२ अशी उतरवली. आता ३० ते ३५ चा टप्पा १४:०१ येतो आणि ३५ ते ४० चा १३:५१. दोन्ही मिळून २७:५२, पूर्वीइतकेच. अखेरची बेरीज अचूक जुळते, पण दोन टप्प्यांच्या वेळांची अदलाबदल झालेली आहे! असे होण्याचे कारण सोपे आहे. मधली नोंद एका टप्प्यात मिळवली जाते आणि पुढच्यात वजा होते. म्हणून तिच्यातील चूक बेरजेत नाहीशी होते.

चूक मोठी असेल तर तिची खूण दिसते. ३५ कि.मी.ला १:४१:२२ लिहिले तर टप्पे १४:५१ आणि १३:०१ असे येतात. एक टप्पा मिनिटभर फुगला आणि शेजारचा तितकाच आक्रसला. असे लगतचे जोडपे दिसले की दोन्ही वजाबाक्यांच्या मागे लागू नका. त्यांच्या मधल्या नोंदीवर बोट ठेवा. दहा सेकंदांसारखी छोटी चूक मात्र आकड्यांवरून ओळखता येत नाही. तिच्यासाठी दुसरे घड्याळ, चित्रफीत किंवा सोबत धावणाऱ्याची नोंदच पाहावी लागते.

शेवटची मर्यादा पूर्ण सेकंदांची. रस्त्यावरील शर्यतींत अधिकृत वेळ पुढच्या पूर्ण सेकंदापर्यंत वाढवून देतात; २:००:३४.२ असेल तर २:००:३५ लिहितात. दोन्ही नोंदी अशा वाढवलेल्या असतील तर त्यांच्या फरकात एका सेकंदापेक्षा कमी इतकी चूक, पुढे किंवा मागे, राहू शकते. समजा, खऱ्या वेळा १:२६:३०.१ आणि १:४०:२२.० होत्या. खरा फरक १३:५१.९, पण आपण काढला १३:५१. पाच किलोमीटरच्या ८३१ सेकंदांत एका सेकंदाला फारसे महत्त्व नाही. पण कोणी दोनशे मीटरचे टप्पे पाडले, तर किप्टमच्या वेगाने असा टप्पा सुमारे ३३ सेकंदांचा होतो, आणि त्यात एक सेकंद म्हणजे तीन टक्के. म्हणून पूर्ण सेकंदांच्या नोंदींतून फार लहान टप्पे काढू नयेत.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. २५ सप्टेंबर २०२२ रोजी बर्लिनमध्ये एलिउड किपचोगे याने मॅरेथॉन २:०१:०९ वेळात पूर्ण केली होती. अर्ध्या अंतराला त्याची नोंद ५९:५१ होती. त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची वेळ काढा. अर्ध्यावर किप्टमची नोंद त्याच्यापेक्षा किती सेकंदांनी मागे होती आणि अखेरीस किती सेकंदांनी पुढे गेली, तेही काढा. उत्तरे १ तास १ मिनिट १८ सेकंद, ५७ सेकंद आणि ३४ सेकंद अशी यायला हवीत. तुमच्या उत्तरात ४० कुठे जास्तीचा दिसला, तर तो कोठून आला हे आता तुम्हाला सांगावे लागणार नाही.